गाडीचा एक कोपरा कागदावर मांडताना

व्हायब्रेशनच्या पेपरात वस्तुमान, स्प्रिंग आणि डॅम्पर या तिघांचे आकडे प्रश्नातच दिलेले असतात. त्यामुळे नैसर्गिक वारंवारता काढणं दोन ओळींत आटोपतं आणि सस्पेन्शन आपल्याला येतं असं वाटू लागतं. प्रत्यक्ष गाडीपुढे उभं राहिलं की अडचण कळते: तिन्हींपैकी एकही आकडा गाडीवर लिहिलेला नसतो. जे लिहिलेलं असतं किंवा मोजता येतं, ते समीकरणात जसंच्या तसं घालता येत नाही. माझ्या मते या विषयातलं निम्मं काम समीकरणाच्या आधीच असतं. उरलेलं काम रस्ता समीकरणात नेमका कुठून शिरतो हे ओळखण्यात असतं. म्हणून सगळ्या सस्पेन्शन प्रकारांची ओळख करून देण्यापेक्षा एका छोट्या हॅचबॅकचा पुढचा एक कोपरा घेऊ आणि तो शेवटपर्यंत तडीस नेऊ. आकडे मी हिशोबाला सोयीचे निवडले आहेत, पण अशा गाडीत ते खरोखर या आसपासच असतात.

गाडीचा पाव भाग म्हणजे एक चाक आणि त्याच्यावर येणारा बॉडीचा वाटा. या मांडणीला क्वार्टर-कार मॉडेल म्हणतात. सर्वांत साध्या रूपात टायर कडक आणि चाक बिनवजनाचं धरायचं. बॉडी हे वस्तुमान, तिच्याखाली स्प्रिंग आणि डॅम्पर शेजारी शेजारी, आणि दोघांची खालची टोकं थेट रस्त्यावर.

आधी वस्तुमान. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले, ड्रायव्हर सीटवर बसवला आणि पुढच्या डाव्या काट्यावर 285 किलो दिसले असं समजू. यातला प्रत्येक किलो स्प्रिंगवर येत नाही. टायर, रिम, हब, नकल, ब्रेक डिस्क आणि कॅलिपर हे सगळं स्प्रिंगच्या खालच्या बाजूला आहे आणि ते चाकाबरोबर हलतं. लोअर आर्म, ड्राइव्हशाफ्ट, स्ट्रट आणि स्वतः स्प्रिंग यांचं एक टोक बॉडीकडे आणि दुसरं चाकाकडे असतं, म्हणून त्यांचं साधारण अर्धं वजन चाकाकडे धरायचं. ही बेरीज आपल्या गाडीत 35 किलो धरू. उरले 250 किलो, हे आपलं `m`. काट्यावरचा आकडा तसाच `m` म्हणून वापरणं ही नेहमी दिसणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे वारंवारता विनाकारण कमी येते.

आता स्प्रिंग. ती प्रेसमध्ये दाबून मोजली तर प्रत्येक मिलिमीटरला 17.7 न्यूटन, म्हणजे 17,700 न्यूटन प्रति मीटर मिळाले असं धरू. मोजताना स्प्रिंग मोकळ्या लांबीपासून दाबायला सुरुवात करू नका, कारण टोकाचे वेढे बसेपर्यंतचा भाग फसवा असतो. गाडी उभी असताना स्प्रिंग जितकी दबलेली असते, त्याच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे असे दोन बिंदू घ्या आणि त्यांच्यामधला चढ काढा.

पण हा आकडा स्प्रिंगचा झाला, आपल्याला हवा तो चाकाचा. चाक दहा मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग बरोबर दहा मिलिमीटर दबेल असं नाही. मॅकफर्सन स्ट्रट थोडा तिरका असतो, त्यामुळे ती 9.5 मिलिमीटर दबते असं समजू. या गुणोत्तराला मोशन रेशो म्हणतात, इथे तो 0.95. तो ड्रॉइंगवरून काढण्यापेक्षा मोजलेला बरा: स्प्रिंग काढून फक्त स्ट्रट लावा, हबखाली जॅक द्या आणि हब दर वेळी एक सेंटिमीटर उचलत स्ट्रटची लांबी टिपत जा. स्प्रिंगचा ताठपणा चाकापर्यंत आणताना या गुणोत्तराचा वर्ग लागतो. एकदा हालचाल कमी होते म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याच तरफेमुळे बलही कमी पोहोचतं म्हणून. 17,700 ला 0.95 च्या वर्गाने गुणलं की जवळपास 16,000 न्यूटन प्रति मीटर येतात. हे आपलं `k`.

स्ट्रटच्या गाडीत हा फरक दहा टक्क्यांचा आहे, म्हणून विसरला तरी उत्तर फार वाकडं दिसत नाही. खरा घोळ होतो बाहा स्पर्धेसाठी विद्यार्थी बांधतात तशा एटीव्हीमध्ये. तिथे शॉक लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसवलेला असतो आणि मोशन रेशो 0.7 किंवा त्याहूनही कमी असतो. 0.7 चा वर्ग 0.49, म्हणजे चाकाशी स्प्रिंग निम्म्याहून कमी उरते. कॅटलॉगमधला आकडा थेट वापरला तर कागदावर गाडी व्यवस्थित उभी राहते आणि प्रत्यक्षात पहिल्याच उडीत बुडाला टेकते.

तिसरा आकडा डॅम्परचा, आणि तो सर्वांत अडचणीचा. आपण `c` हा एकच स्थिरांक लिहितो, पण खरा डॅम्पर दाबताना मऊ आणि उलगडताना कडक ठेवलेला असतो. उंचवट्यावरून जाताना चाक वर ढकललं जातं तेव्हा धक्का कमी पोहोचावा आणि नंतर उसळणाऱ्या बॉडीला मात्र आवर बसावा, म्हणून. डॅम्पर डायनोवर वेगाविरुद्ध बलाचा आलेख काढला, मोशन रेशोचा वर्ग इथेही लावला, आणि दाबताना 700 तर उलगडताना 1,700 न्यूटन-सेकंद प्रति मीटर मिळाले असं धरा. साध्या मॉडेलसाठी दोहोंची सरासरी 1,200 घ्यायची. ही सरासरी मनाला येईल तशी घेतलेली नाही: नियमित लाटेसारख्या हालचालीत एका आवर्तनात खरा डॅम्पर जेवढी ऊर्जा खातो, तेवढीच हा सरासरी डॅम्पर खातो. तिच्यातून एक गोष्ट मात्र निसटते. उलगडणं कडक असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी हळूहळू थोडी खाली बसून चालते. एकच `c` असलेलं मॉडेल ते कधीच दाखवणार नाही.

आता समीकरण. रस्त्याची उंची `y`, बॉडीची उंची `x`, दोन्ही वरच्या दिशेने धन. दोन्ही मोजायच्या त्या गाडी स्वतःच्या वजनाने स्थिर उभी असतानाच्या जागेपासून. असं केलं की गुरुत्वाकर्षण समीकरणातून गळतं, कारण स्प्रिंग आधीच `mg/k` इतकी, म्हणजे सुमारे 15.3 सेंटिमीटर दबून ते वजन पेलते आहे. स्प्रिंगला फक्त `y` आणि `x` मधला फरक कळतो आणि डॅम्परला त्यांच्या वेगांमधला फरक. म्हणून:

```
m x'' = k (y - x) + c (y' - x')
m x'' + c x' + k x = c y' + k y
```

दुसऱ्या ओळीची उजवी बाजू नीट बघा. रस्ता दोन वाटांनी आत येतो: `k y` स्प्रिंगमधून आणि `c y'` डॅम्परमधून. पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात वस्तुमानावर बाहेरून बल लावलेलं असतं आणि उजवीकडे फक्त `F` असतो. तिथे डॅम्परचं दुसरं टोक भिंतीला बांधलेलं असतं. गाडीत ते टोक चाकाकडे, म्हणजे रस्त्याकडे आहे. सवयीने उजवीकडे नुसतं `k y` लिहिलं की मॉडेल दिसायला बरोबर राहतं, पण ते वेगळ्याच यंत्राचं होतं. या चुकीची किंमत किती, ते पुढे आकड्यांत बघू.

सुरुवातीच्या सर्व स्थिती शून्य धरून लाप्लास रूपांतर घेतलं की ट्रान्सफर फंक्शन हातात येतं. आपले आकडे घालून वरखाली 250 ने भागायचं:

```
X(s)       c s + k           4.8 s + 64
---- = --------------- = ------------------
Y(s)   m s² + c s + k     s² + 4.8 s + 64
```

छेदाची तुलना `s² + 2ζωn s + ωn²` या ठरलेल्या रूपाशी करा. `ωn²` हे 64 आहे, म्हणून `ωn` 8 रेडियन प्रति सेकंद. 2π ने भागलं की 1.27 हर्ट्झ. मधलं पद `2ζωn` म्हणजे 4.8, म्हणून डॅम्पिंग रेशो `ζ` 0.3. वेगळी सूत्रं पाठ करण्याची गरजच नाही, दोन्ही गोष्टी छेदात बसलेल्या आहेत. पडताळा हवा असेल तर क्रिटिकल डॅम्पिंग काढा: `2√(km)` म्हणजे 4,000 न्यूटन-सेकंद प्रति मीटर. आपला डॅम्पर त्याच्या तीन दशांश आहे. रोजच्या वापराच्या कारमध्ये हा आकडा बहुधा 0.2 ते 0.4 च्या दरम्यान असतो, आणि बॉडीची वारंवारता साधारण 1 ते 1.5 हर्ट्झ. `ζ` 0.01 किंवा 9.5 आलं तर आधी एककं तपासा. न्यूटन प्रति मिलिमीटर आणि न्यूटन प्रति मीटर यांची सरमिसळ झालेली असते, आणि हजाराचं वर्गमूळ सुमारे 32 असल्यामुळे चूक नेमकी तेवढ्या पटीतच दिसते.

छेद शून्य करणारी मुळं म्हणजे पोल: `-2.4 ± j7.63`. बॉडी मोकळी सोडली तर ती 7.63 रेडियन प्रति सेकंदाने, म्हणजे दर 0.82 सेकंदाला एक झोका घेईल आणि त्या झोक्यांचं आवरण `e` च्या −2.4t घाताने आटत जाईल. अंशातला `4.8 s` या पोलना हात लावत नाही. म्हणूनच अंश चुकला तरी वारंवारता आणि डॅम्पिंग रेशो बरोबर येतात आणि चूक लपून राहते.

ती उघडी पाडायची तर वारंवारतेनुसार प्रतिसाद बघायला हवा. `s` च्या जागी `jω` घाला आणि परिमाण काढा. रस्त्याची लाट एक सेंटिमीटरची असेल तर बॉडी किती हलेल, हे तो आकडा सांगतो. इथे एक खरा रस्ता घेऊ. आपल्याकडच्या काँक्रीट रस्त्यांना साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. स्लॅबच्या कडा थोड्या वरखाली झालेल्या असल्या की ताशी 80 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला जवळपास पाच ठोके बसतात. म्हणजे 5 हर्ट्झ. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनांना 4 ते 8 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतं, त्यामुळे हा बिंदू तपासण्याजोगा आहे.

आपल्या ट्रान्सफर फंक्शनचं परिमाण 5 हर्ट्झला 0.175 येतं, म्हणजे रस्त्याच्या हालचालीचा सहावा हिस्सा बॉडीपर्यंत पोहोचतो. अंशातून `4.8 s` वगळलं तर तेच 0.068 येतं. चुकलेलं मॉडेल गाडी खऱ्यापेक्षा अडीच पट गुळगुळीत असल्याचं सांगतं, आणि वारंवारता वाढेल तसा हा खोटेपणा वाढत जातो. बोडे आलेखावर तो सहज ओळखता येतो: बऱ्याच वरच्या वारंवारतेला वक्र दशपटीला 20 डेसिबलने उतरायला हवा. तो 40 ने उतरत असेल तर डॅम्परची वाट हरवली आहे.

आता डॅम्पर बदलून बघू, कारण मॉडेल करायचं ते यासाठीच. `c` दुप्पट केला, `ζ` 0.6 झाला. 1.27 हर्ट्झला, म्हणजे नैसर्गिक वारंवारतेवर, परिमाण 1.94 वरून 1.30 वर उतरतं. लांबलचक उंचसखल रस्त्यावर गाडी आता होडीसारखी डुलणार नाही. पण 5 हर्ट्झला तेच परिमाण 0.175 वरून 0.32 वर चढतं. काँक्रीटचे सांधे जवळपास दुप्पट जाणवू लागतात. कडक डॅम्पर एका ठिकाणी उपकार करतो आणि दुसरीकडे तो वसूल करतो, आणि या दोन्ही पट्ट्यांमधली सीमा डॅम्परवर अवलंबून नसते: ती नैसर्गिक वारंवारतेच्या √2 पट, आपल्या गाडीत 1.8 हर्ट्झवर आहे. तिथे `ζ` कितीही असो, परिमाण बरोबर 1 येतं. सगळे वक्र त्या एकाच बिंदूतून जातात. तुमच्या आलेखावर ते तसे जात नसतील तर अंशात गडबड आहे, हे समजायला दुसरा पुरावा लागत नाही. हा पडताळा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो एका नजरेत होतो.

डॅम्परमधलं तेल गळून गेलं आणि `ζ` 0.1 वर आला तर काय होतं तेही याच सूत्रात दिसतं. नैसर्गिक वारंवारतेवर बॉडी रस्त्याच्या पाच पट हलू लागते, पण बारीक खडबड उलट अधिक मऊ लागते. म्हणूनच खराब शॉकॲब्सॉर्बरची गाडी गावात आरामशीर वाटते आणि हमरस्त्यावर पुलाच्या चढउतारावरून गेली की तरंगायला लागते.

हे सगळं पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींत होतं:

```python
import numpy as np
from scipy import signal

m, k, c = 250.0, 16000.0, 1200.0
wn = np.sqrt(k/m)
zeta = c/(2*np.sqrt(k*m))
G = signal.TransferFunction([c, k], [m, c, k])
print(wn/(2*np.pi), zeta, G.poles)

f = np.linspace(0.2, 15, 2000)
w, H = signal.freqresp(G, 2*np.pi*f)
i = np.argmax(abs(H))
print(f[i], abs(H[i]))
```

शेवटच्या ओळीत शिखर 1.18 हर्ट्झच्या आसपास आणि उंची 1.99 मिळेल. शिखर 1.27 वर का नाही, म्हणून गोंधळू नका. डॅम्पिंग असलं की शिखर नैसर्गिक वारंवारतेच्या किंचित अलीकडे सरकतं. मोजलेल्या आलेखातलं शिखर वाचून त्यालाच `ωn` म्हणणं त्यामुळे बरोबर नाही.

पायरीसारख्या चढावाचा प्रतिसाद काढतानाही अशीच एक खाच आहे. `ζ` 0.3 असेल तर पुस्तकातलं सूत्र 37 टक्के ओव्हरशूट सांगतं. आपलं ट्रान्सफर फंक्शन घेऊन प्रतिसाद काढला तर मात्र 45 टक्के येतो. पुस्तकातलं सूत्र नुसता स्थिरांक अंशात असलेल्या फंक्शनचं आहे. आपल्या अंशात `s` आहे आणि तो बॉडीला सुरुवातीलाच जास्तीचा धक्का देतो. हा 45 टक्क्यांचा आकडासुद्धा फार मनावर घेऊ नये. अगदी उभी पायरी म्हणजे अनंत वेग, आणि त्या वेगाला आपला डॅम्पर अनंत बल देतो. खरा टायर पायरीची कड गोल करून टाकतो. स्पीड ब्रेकरचा अभ्यास करायचा असेल तर पायरीऐवजी त्याचा खरा गोलसर आकार `y` म्हणून द्या.

आता गाडीला विचारू, हे तिला मान्य आहे का. बाउन्स टेस्ट गॅरेजात नुसत्या नजरेने करतात, आपण ती मोबाइलच्या ॲक्सिलरोमीटरवर करू. आखेन विद्यापीठात तयार झालेलं `phyphox` हे ॲप मोफत मिळतं आणि त्यातून आकडे फाइलमध्ये काढता येतात. फोन बॉनेटच्या पत्र्यावर ठेवू नका, पत्रा स्वतः थरथरतो. बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या बैठकीजवळ तो चिकटपट्टीने घट्ट बसवा. जमीन सपाट हवी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, चाकांपुढेमागे थोडी जागा सोडून अडण्या. सस्पेन्शन दबताना चाक किंचित पुढेमागे सरकतं, ते अडवलं की टायरचा त्या दिशेचा ताठपणाही मोजण्यात घुसतो. दोघांनी मिळून गाडीचं पुढचं टोक दोन्ही बाजूंनी एकत्र दाबावं. एकच कोपरा दाबला तर अँटी-रोल बार पिळला जातो आणि स्प्रिंग खरीपेक्षा कडक भासते. दोन्ही बाजू बरोबर खाली गेल्या तर बार नुसता फिरतो, पिळला जात नाही. वस्तुमान, स्प्रिंग, डॅम्पर तिन्ही दुप्पट होतात आणि `ωn` आणि `ζ` तेच राहतात. तालात दोन-तीनदा दाबून झोका मोठा करा आणि तळाशी असताना हात एकदम काढून घ्या.

आलेखात पहिलं टोक सोडून द्या, त्यात हात निघतानाची हालचाल मिसळलेली असते. पुढचं टोक आणि त्याच बाजूचं त्यानंतरचं टोक घ्या. समजा ती दर सेकंदवर्गाला 2.5 आणि 0.44 मीटर आहेत आणि त्यांच्यात 0.84 सेकंदांचं अंतर आहे. गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे लॉगरिदमिक डिक्रिमेंट, 1.74 येतो:

```
δ  = ln(2.5 / 0.44) = 1.74
ζ  = δ / √(4π² + δ²) = 0.27
ωd = 2π / 0.84 = 7.48
ωn = ωd / √(1 - ζ²) = 7.76  rad/s
```

कागदावर 0.30 आणि 8.0, गाडीवर 0.27 आणि 7.76. फरक छोटा आहे, पण मोजण्यातली चूक म्हणून तो झटकून टाकू नका, कारण तो टायरचा आहे. आपण टायर कडक धरला होता. त्याचा ताठपणा 1,80,000 न्यूटन प्रति मीटर आणि चाकाचं वस्तुमान मघाचे 35 किलो धरून दोन वस्तुमानांचं मॉडेल मांडलं, तर छेद चौथ्या घाताचा होतो आणि त्याचे दोन जोड पडतात:

```
(s² + 4.14 s + 60.3)(s² + 34.9 s + 5459)
```

पहिल्या जोडातून `ωn` 7.77 आणि `ζ` 0.27 मिळतात, बाउन्स टेस्टमध्ये दिसले तेच. टायर हा स्प्रिंगला जोडलेला दुसरा, कडक पण बिनडॅम्परचा दुवा आहे. झोक्यातला काही भाग तो स्वतः दबून घेतो, तेवढा डॅम्परच्या वाट्याला येत नाही. दुसरा जोड सुमारे 11.8 हर्ट्झचा आहे. ही बॉडी आणि रस्ता यांच्यामध्ये चाकाची स्वतःची उडी, व्हील हॉप, आणि एका वस्तुमानाच्या मॉडेलमध्ये तिचा पत्ताच नसतो.

यावरून साध्या मॉडेलवर कुठवर विसंबायचं तेही ठरतं. 5 हर्ट्झला साधं मॉडेल 0.175 सांगतं आणि दोन वस्तुमानांचं 0.195, हे चालण्यासारखं आहे. 12 हर्ट्झला साधं मॉडेल 0.065 सांगतं तर दुसरं 0.127, थेट दुप्पट. बॉडीचं डुलणं, स्प्रिंगची निवड, भार वाढल्यावरचा बदल यासाठी साधं मॉडेल खुशाल वापरा. चाक रस्त्याला धरून राहतं का, हा प्रश्न असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

एक गोष्ट मात्र दोन्ही मॉडेलांच्या बाहेरची आहे: घर्षण. स्ट्रटच्या सीलमध्ये आणि रॉडच्या बुशमध्ये वेगावर अवलंबून नसलेलं, कोरडं घर्षण असतं. ते ओळखायचं तर बाउन्स टेस्टच्या एकाच जोडीवर थांबू नका, समोरासमोरची सलग टोकंही तपासा. शुद्ध डॅम्पिंग असेल तर प्रत्येक टोक आधीच्या ठरावीक पटीत लहान होतं, आपल्या 0.27 ला प्रत्येक अर्ध्या झोक्यात ते सुमारे 42 टक्क्यांवर यायला हवं. टोकं पटीत न घटता ठरावीक फरकाने घटत असतील, किंवा मोठ्या झोक्यातून `ζ` 0.27 आणि लहानातून 0.4 येत असेल, तर तुम्ही घर्षण मोजता आहात. अशा वेळी मोठ्या झोक्याचा आकडा घ्या आणि सस्पेन्शन गुळगुळीत रस्त्यावर थोडं अडखळेल हे गृहीत धरा, कारण बारीक खडबडीत स्ट्रट सरकतच नाही आणि गाडी नुसत्या टायरवर चालते.

भाराचं गणित सोपं आहे पण करून ठेवावं. आपल्या कोपऱ्यावर 80 किलो वाढले, `m` 330 झाला, तर वारंवारता 1.11 हर्ट्झवर येते आणि `ζ` 0.26 वर, डॅम्परला हात न लावता. मागच्या कोपऱ्यात हा बदल याहून बराच मोठा असतो, कारण मागची सीट आणि डिकी दोन्ही तिथेच भरतात. मागच्या डॅम्परचं मूल्य त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही वस्तुमानांना तपासून ठरवायचं. भरलेल्या गाडीत `ζ` 0.2 च्या खाली जात असेल तर `c` वाढवायचा आणि रिकाम्या गाडीचं 5 हर्ट्झवरचं परिमाण पुन्हा काढून बघायचं.

आणि पुढचा नि मागचा कोपरा असे वेगवेगळे मांडून झाले की त्यांच्या वारंवारता शेजारी ठेवा. एका कोपऱ्याच्या मॉडेलला गाडीचं पुढेमागे डोलणं दिसत नाही, पण त्याची सूचना या दोन आकड्यांत मिळते. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली यांनी वजनं हलवता येतील अशा चाचणी गाडीवर हे पडताळून पाहिलं होतं: मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो. मागची बाजू उशिरा सुरुवात करूनही भरभर झोके घेत पुढच्या बाजूला गाठते आणि डोलणं लवकर सपाट उसळीत बदलतं. आपल्या पुढच्या 1.27 हर्ट्झला मागे 1.4 ते 1.5 हर्ट्झ बघा, आणि तो आकडा गाडी भरलेली असताना किती उरतो तेही त्याच कागदावर लिहा.